सहाशेत एक चष्मा: देणगी मोहिमेच्या एका कॅप्शनचं प्रकरण

शाळकरी मुलांची नजर तपासून, ज्यांना गरज आहे त्यांना नंबरचा चष्मा देणारी एक छोटी संस्था. पुढच्या सत्रात तिला ३०० मुलांपर्यंत चष्मे पोहोचवायचे आहेत. त्यासाठी चार आठवड्यांची देणगी मोहीम इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालणार आहे. जाहिरातीसाठी पैसे नाहीत, त्यामुळे फोटो, कॅप्शन आणि देणगीचं पान एवढ्यावरच सगळी भिस्त. संस्था नमुन्यादाखल मांडली आहे आणि रकमा मुद्दाम चलनाच्या चिन्हाशिवाय लिहिल्या आहेत. त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेवढं लक्षात घ्यायचं.

कॅप्शनचा पहिला मसुदा असा होता:

> गेली अनेक वर्षं आम्ही मुलांच्या दृष्टीसाठी अविरत काम करत आहोत. आजवर ४० शाळा, १२,००० तपासण्या, ६४८ चष्मे आणि ३५ स्वयंसेवक असा आमचा प्रवास आहे. तुमचा खारीचा वाटा कुणाचं तरी आयुष्य उजळवू शकतो. सढळ हस्ते मदत करा! अधिक माहितीसाठी संपर्क साधा.

अशी कॅप्शन वाचून कुणाचं वाईट मत होत नाही, पण कुणी पैसेही देत नाही. चार आकडे आहेत आणि चारही संस्थेच्या गतकाळाचे. वाचणाऱ्याने आज काही दिलं तर त्याचं काय होईल, याचं उत्तर त्यातल्या एकाही आकड्यात नाही. ‘खारीचा वाटा’ म्हणजे किती, हे सांगितलेलं नाही, त्यामुळे रक्कम ठरवण्याचं काम वाचणाऱ्यावर पडतं. शेवटची ओळ तर त्याला देणगीपासून लांबच नेते. ‘संपर्क साधा’ म्हटल्यावर फोन करायचा की मेल, आणि करून काय विचारायचं? बसमध्ये उभ्याने मोबाइल चाळणारा माणूस यातलं काहीच करणार नाही.

दुरुस्ती शब्दांपासून सुरू करण्याचा मोह होतो. इथे ती हिशेबाच्या वहीपासून सुरू करावी लागते, कारण कॅप्शनमध्ये जो एक आकडा जाणार आहे तो अजून कुणी काढलेलाच नाही.

आकडा कुठून येतो

संस्थेच्या कोषाध्यक्षांना विचारलं तर ते लगेच सांगतील, “चष्मा १८० ला पडतो.” फ्रेम आणि काचा मिळून तेवढंच बिल येतं, म्हणून तो आकडा त्यांच्या तोंडी असतो. तोच कॅप्शनमध्ये टाकला तर छान स्वस्त दिसेल. मात्र ३०० चष्म्यांसाठी ५४,००० चं लक्ष्य ठेवून मोहीम यशस्वी झाली, तरी सत्राच्या मध्यावर पैसे संपतील. नुसती काच आणि फ्रेम म्हणजे काही मुलाच्या नाकावर बसलेला चष्मा नव्हे.

मागच्या एका पूर्ण फेरीचा हिशेब उघडून पाहू. त्या फेरीत १,००० मुलांची तपासणी झाली. आधी प्रशिक्षित शिक्षकांनी ठरावीक अंतरावरून अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. ज्यांना ठरलेली ओळ वाचता आली नाही, त्यांना ऑप्टोमेट्रिस्टकडे पाठवलं. त्यातल्या ६० जणांना नंबर निघाला आणि ६० चष्मे बनवले. प्रत्यक्ष पोहोचले ५४. उरलेल्या सहांपैकी कुणी शाळा बदलली होती, कुणी वाटपाच्या दोन्ही दिवशी गैरहजर होतं आणि एकाचा नंबर दुसऱ्याच्याच फ्रेममध्ये बसवला गेला होता. अशी गळती प्रत्येक फेरीत थोडीफार होतेच.

खर्च असा: शाळाभेटी, तक्ते आणि शिक्षकांचं प्रशिक्षण ६,४००. ऑप्टोमेट्रिस्टचे दोन दिवस ६,०००. साठ चष्मे प्रत्येकी १८० प्रमाणे १०,८००. डबी आणि पोहोचवण्याचा खर्च प्रत्येकी ३० प्रमाणे १,८००. तीन महिन्यांनी होणारी पुन्हा भेट आणि तुटलेल्या चष्म्यांची बदली ३,४००. कार्यालय, हिशेब आणि पेमेंट गेटवेचं शुल्क यांचा या फेरीच्या वाट्याला येणारा भाग ४,०००. एकूण ३२,४००.

आता याला कशाने भागायचं? बनवलेल्या ६० चष्म्यांनी भागलं तर ५४० येतात. पोहोचलेल्या ५४ ने भागलं तर बरोबर ६००. तीन महिन्यांनी संस्थेची माणसं पुन्हा शाळेत गेली तेव्हा ५४ पैकी ३६ मुलं चष्मा लावून बसलेली होती. बाकीच्यांचा घरी होता, हरवला होता, किंवा वर्गातली मुलं हसतात म्हणून दप्तरात होता. त्या ३६ ने भागलं तर ९००.

खर्च एकच आहे, पण भाजकानुसार त्यातून तीन आकडे निघतात आणि तिन्ही खरे आहेत. त्यातला कुठला वापरायचा हे कॅप्शनमधलं क्रियापद ठरवतं. ‘चष्मा बनतो’ असं लिहायचं तर ५४०, ‘चष्मा मिळतो’ लिहायचं तर ६००. ‘मूल चष्मा वापरू लागतं’ असा दावा करायचा असेल, तर ९०० च्या खाली जाता येत नाही. गफलत होते ती क्रियापद एका भाजकाचं आणि रक्कम दुसऱ्याची घेतली की. ‘१८० मध्ये एका मुलाला जग स्पष्ट दिसू लागतं’ या वाक्यात सगळ्यात लहान आकडा सगळ्यात मोठ्या दाव्याला जोडला आहे. ते लिहिणारा खोटारडा असतो असं मुळीच नाही. बहुतेकदा आकडा एकाकडून येतो, वाक्य दुसऱ्याकडून, आणि दोघांनी ती जोडी एकत्र बसून पाहिलेली नसते.

इथे संस्थेने ६०० निवडावेत. संस्थेच्या हातात चष्मा पोहोचवणं आहे, रोज नाकावर चढवणं नाही. देणगीदाराला जे सांगायचं ते तिच्या पावती-वह्यांतून दाखवता आलं पाहिजे, आणि वाटपाच्या यादीवर ५४ सह्या आहेत. ९०० चा आकडा जास्त प्रामाणिक वाटेल, पण ज्या भेटीत ३६ मुलं मोजली ती एका दिवसाची होती. तिच्यावर सबंध मोहीम उभी करायला तो आधार पुरेसा नाही. तो देणगीच्या पानावर, ‘मागच्या फेरीत काय झालं’ या मजकुरात जाऊ द्या.

कार्यालयाचे ४,००० या हिशेबात धरायचे का, यावर संस्थेच्या बैठकीत हमखास वाद होतो. ते काढले तर आकडा सुमारे ५२६ वर येतो. धरावेत, असंच माझं मत आहे. मग कॅप्शनमध्ये ‘पूर्ण खर्च’ हे दोन शब्द बिनधास्त लिहिता येतात आणि ‘यातले प्रत्यक्ष मुलांपर्यंत किती जातात?’ या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येतं. न धरता मोहीम केली, तर ते ४,००० कुठून आणायचे याचा शोध पुढच्या महिन्यात नव्याने सुरू होतो.

एक किरकोळ पण पाळण्याजोगी गोष्ट: आकडा सुटसुटीत करताना तो नेहमी वरच्या बाजूला न्यावा. काचा महागल्या आणि चष्मा १८० वरून २१० वर गेला, तर एकूण ३४,२०० होतात आणि भागाकार ६३३ येतो. तेव्हा कॅप्शनमध्ये ६५० लिहायचं. ६०० तसेच ठेवले तर प्रत्येक देणगीत ३३ ची तूट येते, आणि ३०० देणग्यांवर ती जवळपास १०,००० होते.

बाकीच्या आकड्यांचं काय

‘एकच आकडा’ हे ऐकल्यावर संस्थेतल्या जुन्या माणसांना वाईट वाटतं. १२,००० तपासण्यांचं श्रेय असं पुसून टाकायचं का? ती भावना समजण्यासारखी आहे, पण कॅप्शन म्हणजे काही वार्षिक अहवाल नव्हे.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. सहभागी लोकांना ५ डॉलर दिले होते आणि त्यातून हवे तेवढे दान करण्याची मुभा होती. एका ठरावीक मुलीची माहिती वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, तर लाखोंच्या भुकेची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र वाचलेल्यांनी मात्र १.४३ दिले. म्हणजे जोडीला आलेल्या आकडेवारीने मुलीचा प्रभाव बराच खाली ओढला. आकडेच वापरू नका असा याचा अर्थ काढणं चुकीचं ठरेल, कारण त्या प्रयोगातले आकडे समस्येच्या अवाढव्य आकाराचे होते. ‘एका मुलाचा पूर्ण खर्च ६००’ हा आकडा एका माणसाच्या आवाक्यातला आहे. त्याच्या शेजारी १२,००० ठेवले की पुन्हा तेच होतं: आपले ६०० एवढ्या पसाऱ्यात कुठे पुरणार, असं वाटू लागतं.

दुसरा एक आकडा फार मोहात पाडतो. १,००० तपासण्यांतून ५४ चष्मे, म्हणजे एका चष्म्यामागे साधारण १८ मुलांची तपासणी. ‘तुमच्या ६०० मध्ये १८ मुलांची तपासणी आणि एकाला चष्मा!’ गणित बरोबर आहे, वाक्यही आकर्षक आहे. पण वाचणारा आता थबकतो: मी तपासणीला पैसे देतोय की चष्म्याला? आणि एका शाळेत नंबर असलेली मुलं जास्त निघाली, तर हे १८ सहज १२ होतात आणि वाक्य खोटं पडतं. १८ चा आकडा देणगीच्या पानावर ठेवावा.

कॅप्शन लिहिताना

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरचिन्हं मावतात, पण फीडमध्ये सुरुवातीच्या ओळी दिसतात आणि बाकीचं `more` मागे लपतं. म्हणून आकडा आणि त्यातून काय होतं, हे पहिल्याच ओळीत हवं. शुभेच्छा, सुविचार, संस्थेची ओळख हे सगळं त्या ओळीची जागा खातं. पहिली दुरुस्ती अशी झाली:

> तुमच्या ६०० मुळे एका मुलाला मिळेल चष्मा आणि बदलेल त्याचं आयुष्य! लिंक बायोमध्ये.

आधीपेक्षा कितीतरी बरी. तरी दोन जागी अडेल. ‘तुमच्या ६०० मुळे एका मुलाला’ असं म्हटल्यावर काही देणगीदार हमखास विचारतात, “माझ्या पैशातून कुठल्या मुलाला मिळाला? फोटो पाठवा.” संस्था तर सगळे पैसे एकत्र करून खर्च करते. तो ६०० चा आकडा सरासरी आहे, एका देणगीची एका मुलाशी बांधलेली गाठ नाही. ज्या संस्थेला अशी गाठ खरोखर ठेवायची असेल, तिने तसा वेगळा हिशेब ठेवावा. नाहीतर वाक्य ‘खर्च’ या शब्दाभोवती फिरवावं. आणि ‘आयुष्य बदलेल’ हा दावा कुणीच मोजलेला नाही, तो जाऊ दे. त्याऐवजी चष्मा कशासाठी, ते सांगितलं की पुरे. हेतू सांगण्याला पुरावा लागत नाही, परिणाम सांगण्याला लागतो.

शेवटी वापरायची कॅप्शन:

> फळ्यावरचं वाचता यावं म्हणून एका मुलाला नंबरचा चष्मा देण्याचा पूर्ण खर्च: ६००.
> यात डोळ्यांची तपासणी, चष्मा आणि तीन महिन्यांनी पुन्हा भेट, सगळं आलं.
> बायोमधली पहिली लिंक उघडा. ६०० आधीच भरलेले दिसतील. मोहीम ३० जूनपर्यंत.

‘देण्याचा’ हा शब्द ५४ च्या भाजकाशी जुळतो. ‘पूर्ण’ हा शब्द कार्यालयाचे ४,००० धरल्यामुळे लिहिता आला. ‘पुन्हा भेट’ लिहिलं म्हणजे ती करावी लागणार. हिशेबात तिचे ३,४०० आहेत, म्हणून लिहिता आलं. तिसऱ्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं, केल्यावर समोर काय दिसेल आणि कधीपर्यंत, या तिन्हींची उत्तरं आहेत. ‘६०० आधीच भरलेले दिसतील’ हे वाक्य फालतू वाटू शकतं, पण लिंक उघडल्यावर आपण योग्य पानावर आलो याची खूण तेच देतं.

लहान रकमेचा प्रश्न इथेच उभा राहतो. ज्याला २०० च द्यायचे आहेत त्याने काय करावं? ‘२०० मध्ये चष्म्याचा तिसरा हिस्सा’ असं काही लिहू नका, वाचताना फक्त एक काच डोळ्यासमोर येते. ‘तिघांनी मिळून एक चष्मा, प्रत्येकी २००’ असं लिहिलं तर तोच हिशेब जोडीला आणखी दोन माणसं घेऊन येतो. मात्र हे वेगळ्या पोस्टमध्ये. मूळ कॅप्शनमध्ये दुसरी रक्कम घुसली की निवड करावी लागते, आणि निवड म्हणजे ‘नंतर बघू’.

फोटोबद्दल थोडक्यात. मुलाचा चेहरा, गणवेशावरचं शाळेचं नाव आणि ‘गरजू’ हा शब्द एकत्र आले की त्या मुलाची ओळख कायमची तशी होऊन बसते. तक्त्याकडे पाहणारं पाठमोरं मूल किंवा टेबलावर नावाच्या चिठ्ठ्या झाकून ठेवलेल्या डब्या पुरतात. चेहरा हवाच असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि फोटो कुठे व किती काळ वापरणार हे त्या कागदावरच असावं.

लिंक उघडल्यावर

मोहिमांमधली सर्वांत मोठी गळती कॅप्शन आणि देणगीच्या पानाच्या मध्ये होते, आणि तिचं खापर नेहमी कॅप्शनवर फुटतं. या प्रकरणात चार गोष्टी सापडल्या.

पहिली: इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेला पत्ता दाबला तरी उघडत नाही, म्हणून बायोतली लिंक. पण बायोमध्ये आधीच पाच लिंक होत्या आणि देणगीची सगळ्यात शेवटी होती, ‘आम्हाला पाठबळ द्या’ या नावाची. वाचणारा कॅप्शनमध्ये ‘चष्मा’ वाचून आला आहे, तो ‘चष्मा’ हाच शब्द शोधणार. लिंक सर्वांत वर आणून तिचं नाव ‘एका मुलाचा चष्मा: ६००’ केलं. स्टोरीमध्ये मात्र लिंकचं स्टिकर लावता येतं. म्हणून दर पोस्टनंतर त्याच दिवशी स्टोरी टाकावी.

दुसरी: देणगीच्या पानावर १,०००, २,५०० आणि ५,००० अशी बटणं होती. कॅप्शनमध्ये ६०० वाचून आलेल्याला इथे ६०० दिसतच नाहीत. तो ‘इतर रक्कम’ शोधतो, तिथे ‘६००’ देवनागरीत टाइप करतो, आणि बरेच फॉर्म देवनागरी अंक घेतच नाहीत. चूक कुठे झाली तेही सांगत नाहीत. रक्कम आधीच भरलेली ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. फॉर्म पत्त्यातून रक्कम घेत असेल तर असं जमतं:

```
https://example.org/chashma?amount=600&utm_source=instagram&utm_campaign=chashma&utm_content=p1
```

`amount` हे नाव प्रत्येक फॉर्ममध्ये वेगळं असतं, ते फॉर्म पुरवणाऱ्याच्या मदत-पानावर पाहून घ्यावं. `utm_` ने सुरू होणारे भाग माणूस कुठून आला याची नोंद ठेवण्यासाठी आहेत. पत्ता रोमन लिपीतच ठेवावा. देवनागरी पत्ता कॉपी केला की बहुतेक ठिकाणी त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते, आणि असा मेसेज लोकांना फसवणुकीचा वाटतो.

तिसरी: फोटोवर क्यूआर कोड छापला होता. पोस्टरवर तो उत्तम. पण जो फोटो माणूस मोबाइलवरच पाहतो आहे, तो त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर कसा धरणार? फोटोवरची ती जागा ‘६०० = एक चष्मा. लिंक बायोमध्ये’ या शब्दांना दिली.

चौथी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. तिथे मेसेज पुढे पाठवला जातो आणि मूळ पाठवणारा मागे पडतो, म्हणून संस्थेचं नाव मेसेजच्या आत, पहिल्याच ओळीत हवं. ‘या रविवारपर्यंत’ असं लिहिलेला मेसेज तीन आठवड्यांनीही फिरत राहतो, म्हणून पूर्ण तारीख लिहावी. पत्ता स्वतंत्र ओळीवर ठेवावा आणि त्याला चिकटून पूर्णविराम देऊ नये. कधी कधी तो पत्त्यातच धरला जातो आणि पान उघडत नाही. आणि ३० जूननंतर पान बंद करू नये. तिथे ‘मोहीम पूर्ण झाली, किती जमले’ एवढं तरी दिसावं.

हे सगळं तपासण्याची पद्धत साधी आहे. संस्थेशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात, त्यांच्याच मोबाइलवर, वायफाय बंद करून पोस्ट द्यावी आणि “यात म्हटलंय ते करा” एवढंच सांगावं. मग गप्प बसून पाहायचं. जिथे त्यांचं बोट थांबतं, ती दुरुस्तीची जागा. पावती हातात येईपर्यंत थांबावं, पैसे गेल्याच्या संदेशापर्यंतच नाही.

चार आठवडे, तोच आकडा

लक्ष्य ३०० मुलं, म्हणजे १,८०,०००. चारही आठवडे ६०० चा आकडा बदलायचा नाही. दर आठवड्याला नवा आकडा दिला तर आधीचा कुणाच्याच लक्षात राहत नाही. बदलते ती बाजू. पहिल्या आठवड्यात वरची कॅप्शन. दुसऱ्यात ६०० चा खर्च कसा होतो ते, तक्त्यासमोर मोजलेल्या अंतरापासून डबीपर्यंत, क्रमाने. तिसऱ्या आठवड्यात प्रगती, आणि इथे शिल्लक सांगितलेली बरी:

> ३०० पैकी ११३ चष्म्यांचा खर्च अजून बाकी आहे. एकाचा पूर्ण खर्च ६००. बायोमधली पहिली लिंक, ३० जूनपर्यंत.

प्रगती चष्म्यांतच मोजली आहे, पैशांत नाही. ‘१,१२,२०० जमले’ असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला भागाकार करावा लागला असता. अट एवढीच की ११३ हा आकडा बँकेत आलेल्या पैशांवरून काढलेला हवा. ‘देतो’ म्हणालेल्यांचे पैसे त्यात धरले, तर पुढच्या आठवड्यात शिल्लक वाढलेली दिसण्याची पाळी येते.

चौथ्या आठवड्यात शेवटची तारीख आणि एक ओळ जास्तीची: ‘३०० पेक्षा जास्त जमल्यास रक्कम पुढच्या सत्रातल्या चष्म्यांसाठी वापरू.’ ही ओळ देणगीच्या पानावर पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. चष्म्यासाठी म्हणून आलेले पैसे नंतर कार्यालयाच्या भाड्याला वळवणं, हा लोकांचा विश्वास गमावण्याचा हुकमी रस्ता आहे. अनेक ठिकाणी तो कायद्यातही बसत नाही.

आकडे वाचताना

प्रत्येक पोस्टच्या पत्त्यात `utm_content` वेगळा ठेवला (`p1`, `p2`, व्हॉट्सअ‍ॅपसाठी `w1`), तर कुठल्या कॅप्शनने किती लोक पानावर आणले ते कळतं. बायोची लिंक एकच असते, त्यामुळे नव्या पोस्टबरोबर तिचा पत्ताही बदलावा लागेल. तेवढं आठवणीने होणार नसेल तर निदान स्टोरी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे पत्ते वेगळे ठेवा.

पानावर फारसं कुणी आलंच नाही, तर दोष पहिल्या ओळीत किंवा फोटोत. भेटी भरपूर आणि देणग्या नगण्य असतील, तर कॅप्शनला हात लावू नका, पान पाहा. देणग्या येत आहेत पण कुणी ५०० देतंय, कुणी १,०००, आणि ६०० ची देणगी क्वचितच दिसते, असं असेल तर आकडा पानापर्यंत पोहोचलेला नाही. रक्कम आधी भरलेली दिसते का, हे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर पाहावं. कित्येकदा ती एकावर दिसते आणि दुसऱ्यावर नाही.

दोन कॅप्शनची तुलना करताना मात्र जपून. एकीला १२ देणग्या आल्या आणि दुसरीला ८, यावरून पहिली सरस ठरत नाही. एका मोठ्या कुटुंबाने आपापसांत मेसेज फिरवला तरी एवढा फरक पडतो. छोट्या संस्थेच्या मोहिमेत असे निष्कर्ष काढण्याइतके आकडे सहसा जमतच नाहीत. कुठे गळती आहे, एवढं त्यातून कळतं आणि तेवढं पुरतं.

मोहिमेनंतरची कॅप्शन

पावतीसोबत जाणाऱ्या मेसेजमध्ये पुढची बातमी कधी मिळेल ते लिहावं: ‘चष्मे किती मुलांपर्यंत पोहोचले, ते १५ डिसेंबरला कळवू.’ त्या तारखेची कॅप्शन पुन्हा त्याच एककात. समजा ३०० मुलांचा खर्च जमला आणि त्या दिवसापर्यंत २८२ चष्मे पोहोचले. तेव्हा ‘३०० मुलांना दृष्टी मिळाली’ असं ढोबळ लिहिण्याचा मोह मोठा असतो. लिहायचं असं:

> जूनमध्ये तुम्ही ३०० चष्म्यांचा खर्च दिलात. आज २८२ मुलांकडे चष्मे पोहोचले आहेत. ११ तयार आहेत, शाळा उघडल्यावर देऊ. ७ मुलांनी शाळा बदलली, त्यांचा शोध चालू आहे. उरलेला हिशेब ३१ जानेवारीला याच पानावर.

इथे एकापेक्षा जास्त आकडे चालतात, कारण वाचणाऱ्याला आता काही ठरवायचं नाही, फक्त ताळा पाहायचा आहे: २८२, ११ आणि ७ मिळून ३०० होतात. या पोस्टमध्ये नवी देणगी मागू नये, लिंकही हिशेबाच्या पानाचीच द्यावी. सात मुलं सापडली नाहीत तर त्यांचे चष्मे दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, कारण काचा त्यांच्याच नंबराच्या असतात. फ्रेम तेवढ्या परत वापरता येतात. पुढच्या फेरीचा आकडा काढताना ही सात भाजकातून वगळावी लागतील आणि ६०० पुन्हा तपासून घ्यावे लागतील.